थरथर कमी झाली, पण पोट, झोप आणि मन तसंच: पार्किन्सनची दुसरी बाजू

प्रश्न: माझ्या बाबांना (वय ६८, आम्ही डिचोलीचे) गेल्या वर्षी पार्किन्सन निघाला. गोळीने हाताची थरथर बरीच कमी आहे. पण पोट साफ होत नाही, रात्री झोपेत ओरडतात, लाथा मारतात, आणि दिवसभर गप्प उदास बसून असतात. कोण म्हणतं वयामुळे, कोण म्हणतं गोळ्यांमुळे. हे पार्किन्सनचंच आहे का? आणि गोळीने थरथर गेली तर हे का जात नाही?

उत्तर:

बहुतेक पार्किन्सनचंच आहे. आणि ह्यातल्या दोन गोष्टी तरी थरथरीच्या आधी सुरू झालेल्या असणार. आज घरी आईला शांतपणे विचारा, पोटाची तक्रार नक्की कधीपासूनची, आणि झोपेत हातवारे करायला कधी लागले. गोव्यात इतकी वर्षं हे पेशंट बघतोय, नवीन निदान झालेल्याच्या बायकोला हा प्रश्न विचारला की ती बऱ्याचदा म्हणते, "ते तर मुलाच्या लग्नाच्या आधीपासूनचं, पण त्याचा आणि हाताचा काय संबंध?" संबंध आहे, आणि तो समजला की तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं.

आपल्याला सांगतात की पार्किन्सन म्हणजे मेंदूत डोपामिन कमी होणं. खरं आहे, पण अर्धवट. मेंदूच्या मधल्या भागात सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणून काळपट पेशींचा पट्टा असतो, तिथल्या पेशी मरतात, डोपामिन घटतं, हालचाल मंदावते, हात थरथरतो. पण त्या पेशी मरतात का, तर त्यांच्यात अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रोटीन चुकीच्या आकारात दुमडून साठतं म्हणून, निदान आज तरी संशय सगळ्यात जास्त त्याच्यावर आहे. हे प्रोटीन आपल्या सगळ्यांच्या मज्जातंतूंत असतंच, बिघडलं की त्याचे गोळे होतात, त्यांना लेवी बॉडी म्हणतात. आणि एक बिघडलेला रेणू शेजारच्या चांगल्या रेणूलाही आपल्यासारखं दुमडतो, चमचाभर विरजणाने सगळं दूध लागावं तसं. १९९७ साली कळलं की लेवी बॉडीत मुख्यतः हेच प्रोटीन आहे, आणि मग लोकांनी ते शरीरात आणखी कुठे कुठे आहे ते शोधायला घेतलं. सापडलं ते आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंत, वास घेणाऱ्या भागात, हृदयाच्या नसांत, मेंदूच्या अगदी खालच्या टोकाला.

२००३ मध्ये हाइको ब्राक ह्या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मृत व्यक्तींचे मेंदू तपासून एक क्रम मांडला. सुरुवात मेंदूच्या तळाशी, व्हेगस नावाची नस जिथून निघते तिथे, आणि वास घेणाऱ्या भागात. मग त्याच्या जरा वर, जिथे झोप आणि मन सांभाळणारी केंद्रं आहेत. आणि त्याच्यानंतर कुठे तो काळपट पट्टा, म्हणजे हात थरथरायला लागतो तोवर रोग बराच प्रवास करून आलेला असतो. आता बाबांच्या तीन तक्रारी ह्या वाटेवर ठेवून बघा.

पोट पहिलं. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंची स्वतःची दोन जाळी असतात, अन्न पुढे ढकलायचं काम त्यांचं, आणि व्हेगस नस मेंदूकडून त्यांच्याशी बोलत असते. तिथे बिघाड झाला की मोठं आतडं सुस्तावतं, मल जास्त वेळ आत राहतो, पाणी शोषलं जातं आणि कडक होतो. वर अजून एक त्रास असतो ज्याबद्दल कोणी बोलत नाही, शौचाला बसल्यावर खालचे स्नायू सैल पडायला हवेत ते उलट आवळतात, त्यामुळे कळ येते पण होत नाही. होनोलुलुमध्ये हजारो पुरुषांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलेला एक अभ्यास २००१ मध्ये छापून आला, त्यात ज्यांना दिवसाला एकदाही शौचाला होत नव्हतं त्यांना पुढे पार्किन्सन व्हायचं प्रमाण रोज एकदा होणाऱ्यांपेक्षा अडीच पटीहून जास्त निघालं. हे वाचून पोट साफ न होणाऱ्या प्रत्येकाने घाबरायचं मात्र नाही. बद्धकोष्ठ साठीनंतर घरोघरी आहे, त्यातल्या फार थोड्यांना पार्किन्सन होतो. एकट्या पोटावरून काहीच ठरत नाही.

झोपेचं तसं नाही, तो पुरावा फार पक्का आहे. आपण स्वप्न बघतो त्या झोपेत मेंदूचा एक छोटा भाग पाठीच्या कण्याला हुकूम देतो की स्नायू बंद ठेव, म्हणूनच स्वप्नात पळालो तरी पाय हलत नाहीत. हा स्विच मेंदूच्या देठात असतो, ब्राकच्या वाटेवर काळपट पट्ट्याच्या आधी लागतो. तो बिघडला की माणूस स्वप्न अंगाने खेळायला लागतो. कोणी मागे लागलंय, कुत्रा अंगावर आलाय, भांडण चाललंय, आणि हा खरोखर ठोसा मारतो, बायकोला लागतो. ह्याला आरईएम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर म्हणतात, १९८६ मध्ये पहिल्यांदा नीट वर्णन झालं. २०१९ मध्ये २४ केंद्रांतल्या १,२८० अशा पेशंटचा एकत्र हिशेब आला, ज्यांना त्यावेळी पार्किन्सन नव्हता. दर वर्षी साधारण ६ टक्के लोकांना पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा आजार झाला, आणि बारा वर्षांनी हा आकडा ७३ टक्क्यांच्या वर गेला.

पण झोपेतलं प्रत्येक ओरडणं हे नव्हे, म्हणून जरा नीट बघा. हा त्रास बहुतेक पहाटेकडे जास्त, कारण स्वप्नांची झोप तेव्हा जास्त असते. हाक मारून उठवलं तर माणूस लगेच भानावर येतो आणि स्वप्न सांगतो. डोळे मिटलेले असतात, अंथरुणातून उठून घरभर फिरत नाही. मोठं घोरणं आहे, मधेच श्वास थांबतोय आणि मग धडपड होतेय, तर ते स्लीप ॲप्निया असू शकतं आणि त्याची तपासणी वेगळी. उठल्यावरही दहा-पंधरा मिनिटं गोंधळलेले असतील, किंवा जागेपणीच खोलीत माणसं दिसत असतील, तर ती तिसरी गोष्ट, ती डॉक्टरांना लगेच सांगा. मोबाईलवर दोन-तीन रात्रींचा व्हिडिओ काढून न्या, अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

आता उदासी. घरचे म्हणतात आजार कळला म्हणून खचले. थोडंफार ते असतंच. पण मन सांभाळणारी सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन ही रसायनं बनवणारी केंद्रंही त्याच देठात, त्याच वाटेवर, काळपट पट्ट्याच्या अलीकडे आहेत. म्हणून कित्येकांना डिप्रेशन किंवा विनाकारण घाबरेपणा निदानाच्या काही वर्षं आधी येऊन गेलेला असतो, ज्या आजाराचा पत्ताच नाही त्याने माणूस खचणार कसा? ह्यात एक फरक ओळखायला शिका. डिप्रेशनमध्ये माणसाला वाईट वाटतं, रडू येतं, मी ओझं झालो म्हणतो. दुसरं असतं ॲपथी, त्यात वाईट वाटत नाही, फक्त आतून काही करावंसंच वाटत नाही, विचारलं तर "बरा आहे ना मी" म्हणतात. ॲपथीवर डिप्रेशनच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, त्यापेक्षा घरच्यांनी वेळ ठरवून बाहेर नेणं जास्त चालतं. आणि तिसरं, गोळीची वेळ संपत आली की दर वेळी घाबरायला होतं, गोळी लागू पडली की बरं वाटतं, तसं असेल तर ते डोपामिनचं चढउतार आहे, मनाची गोळी वाढवून उपयोग नाही, पार्किन्सनच्या गोळीच्या वेळा बदलाव्या लागतात.

म्हणजे लेव्होडोपाची गोळी डोपामिन भरून देते, ती जिथे डोपामिन कमी पडलंय तिथेच काम करणार. आतड्याच्या जाळ्यात, झोपेच्या स्विचमध्ये, सेरोटोनिनच्या केंद्रात बिघाड आहे तो मुख्यतः डोपामिनचा नाहीच. म्हणून थरथर गेली आणि बाकीचं राहिलं.

एक पेशंट सांगतो, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. फोंड्याकडचे काका, साठी ओलांडलेले, माडा-पोफळींचं कुळागर, आयुष्यभर कष्टाची कामं. पन्नाशीपासून पोट कडक, तीन दिवसांनी एकदा. मग काकी म्हणाल्या की घरात फणस पिकून फुटला तरी ह्यांना वास कळत नाही, तेव्हा सगळ्यांनी सर्दी समजून सोडून दिलं. पुढे झोपेत लाथा, काकी दुसऱ्या खोलीत झोपायला लागल्या. त्यानंतर गावच्या देवळातल्या भजनाला जाणं बंद, चवथीला सगळे जमले तरी कोपऱ्यात. आणि सगळ्यात शेवटी उजवा हात. पोट, वास, झोप, मन, मग हात, सगळं त्या वाटेवरच्या क्रमाने.

माझ्याकडे आले तेव्हा लेव्होडोपा चालू होती पण म्हणावा तसा गुण नव्हता, चाल तर मंदावतच होती. मी सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली, हे मी प्रत्येकाला करायला लावतो. त्यात गॅस-ॲसिडिटीची एक कॅप्सूल होती, रोज सकाळी, बरेच महिने, पोट फुगतं म्हणून कोणीतरी लिहून दिलेली आणि नंतर दुकानातून घेत राहिलेले. त्यात ॲसिडिटीच्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड होतं. हे औषध डोपामिनची दारं बंद करतं, म्हणजे एका हाताने डोपामिन द्यायचं आणि दुसऱ्या हाताने अडवायचं. ज्याला पार्किन्सन नाही त्यालाही ह्याने पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड तसंच, चक्करेवरच्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन पण तशाच. पोटाच्या तक्रारीने घात होतो तो असा, पोट पार्किन्सनमुळे बिघडतं, पोटासाठी औषध मिळतं, आणि ते औषध पार्किन्सन वाढवतं. बाबांच्या कॅप्सूलच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आजच वाचा.

दुसरी गोळी होती ट्रायहेक्सीफेनिडिल, थरथरीसाठी. थरथर कमी करते हे खरं, पण आतडं आणखी सुस्त करते, तोंड कोरडं पाडते, आणि वय झालेल्यांची आठवण गोंधळवते. साठीच्या पुढे मी ती शक्यतो देत नाही.

मग काय केलं तर, लेव्होसल्पिराइड बंद. ट्रायहेक्सीफेनिडिल हळूहळू काही आठवड्यांत कमी करत बंद, ती एकदम तोडली तर त्रास उसळतो, म्हणून घरच्या घरी कोणी हे करू नका. पोटासाठी मॅक्रोगोल पावडर, १७ ग्रॅम एका मोठ्या ग्लास पाण्यात रोज. ही आतड्यात पाणी धरून ठेवते, अंगात फारशी शोषली जात नाही, आणि तिचा गुण दिसायला एक ते तीन दिवस लागतात, पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणून लोक सोडून देतात ते चुकतं. ती रोज घ्यायची, तुंबल्यावर नव्हे. इसबगोल ते आधी घेत होते, पण अर्ध्या कप पाण्यात, आणि पाणी कमी असेल तर इसबगोल आतडं उलट जड करतं. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी, हृदय किंवा किडनीचा त्रास नव्हता म्हणून, ज्यांना आहे त्यांनी विचारून. मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोई. कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल, गुडघे वर आले की खालचा रस्ता सरळ होतो, आणि सकाळच्या खाण्यानंतर अर्ध्या तासात बसायचं, तेव्हा आतड्याला आपोआप चाल मिळते.

इथे पोटाचा आणि थरथरीचा अजून एक संबंध येतो. लेव्होडोपा शोषली जाते लहान आतड्यात. जठर हळू रिकामं होत असेल तर गोळी तिथेच पडून राहते. शिवाय शोषली जायला तिला जो दरवाजा लागतो तोच दरवाजा प्रोटीनचे तुकडे वापरतात, म्हणून नुस्त्याच्या हुमणाबरोबर किंवा डाळ-उसळीबरोबर गोळी घेतली की ती मागे पडते. काका दुपारची गोळी जेवता जेवता घ्यायचे आणि दुपार त्यांची वाईट जायची. गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी केली, मळमळ झाली तर सोबत दोन बिस्किटं किंवा थोडी पेज, मासे नाहीत. पोट मोकळं व्हायला लागलं आणि वेळ बदलली, तर डोस न वाढवताच दुपार सुधारली.

झोपेसाठी आधी खोली बघितली. पलंगाशेजारचं टेबल आणि काचेचा तांब्या हलवला, भिंतीला टेकवून ठेवलेला कोयता बाहेर गेला, खाली जाड गादी टाकली. मग मेलाटोनिन ३ मिलिग्रॅम झोपायच्या आधी, पुढे ६ केली. लाथा पूर्ण थांबल्या नाहीत, पण ओरडणं आठवड्यातून एखाद्या रात्रीवर आलं. क्लोनाझेपाम जास्त जुनं औषध, छोट्या डोसमध्ये चालतं, पण वयस्करांना सकाळी गुंगी येते, पडायची भीती, ॲप्निया असेल तर नकोच, म्हणून माझी ती दुसरी निवड.

मनासाठी सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅमने सुरुवात करून ५० वर नेलं, आणि काकींना आधीच सांगितलं की ह्या जातीच्या गोळ्यांनी काहींचं झोपेतलं वागणं वाढतं, तसं झालं तर कळवा. बाबांना रसाजिलिन किंवा सेलेजिलिन चालू असेल तर मनाची कुठलीही गोळी सुरू करायच्या आधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं, दोन्ही मिळून क्वचित पण गंभीर रिॲक्शन होऊ शकते. काकांना साधारण दीड महिन्याने फरक पडला, भजनाला परत जायला लागले, टाळ वाजवत नाहीत पण बसतात. वास आला नाही, तो बहुतेक येतही नाही. लेव्होसल्पिराइडमुळे आलेली मंदी उतरायला काही महिने लागले.

ह्या सगळ्या वाटेच्या मर्यादा पण सांगतो. सगळ्यांचा क्रम असा नसतो. काहींना सुरुवात हातानेच होते, पोट आणि झोप कितीतरी नंतर बिघडतात. म्हणून आता संशोधक दोन प्रकार मानतात, एक जो शरीरातून मेंदूकडे चढतो आणि एक जो मेंदूत सुरू होऊन खाली उतरतो. निदानाच्या वेळीच झोपेतल्या लाथा असतील तर बहुधा पहिला प्रकार, अशांच्या स्कॅनमध्ये हृदयाकडे जाणाऱ्या नसाही लवकर क्षीण झालेल्या दिसतात. रोग पोटातून चढतो ह्याला आधार म्हणून डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या अल्सरसाठी व्हेगस नस कापलेल्या जुन्या पेशंटचे हिशेब देतात, मुख्य नस पूर्ण कापलेल्यांत पार्किन्सन थोडा कमी दिसला, पण फरक मोठा नाही आणि त्यावर वाद आहे. आणि हे प्रोटीन पसरणं थांबवणारं औषध आज बाजारात नाही, कोणी तसं सांगून काही विकत असेल तर पैसे घालवू नका.

बाबांच्या वर्णनावरून ते पहिल्या प्रकाराचे वाटतात, म्हणून एक गोष्ट घरी जरूर करा. रक्तदाब पाच मिनिटं झोपवून मोजा, मग उभं करून तीन मिनिटांनी परत मोजा, बाजूला धरायला माणूस ठेवून. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही त्यात आल्यात असं समजायचं, आणि मग रात्री बाथरूमला उठताना पडण्याचा धोका असतो. तसं असेल आणि प्रेशरची गोळी चालू असेल तर तिचा डोस फेरतपासायला हवा.

पुढच्या वेळी जाताना गोळ्यांची पिशवी, झोपेचा व्हिडिओ, दोन आठवड्यांचा पोटाचा हिशेब आणि हे दोन रक्तदाब घेऊन जा. तिथे वेळ मिळत नसेल तर बांबोळीला गोमेकॉत न्यूरोलॉजी आहे, तिकडे दाखवा. मात्र पोट फुगून टणक झालं, वारा पण सरत नाही आणि उलट्या होतायत, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सुस्त पडलेलं मोठं आतडं कधी कधी पीळ खातं, त्याच दिवशी कॅज्युअल्टीत न्या. आणि बाबा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलले तर ते स्वभावावर सोडू नका, तेही त्याच दिवशी सांगायचं.